हे शब्द कुणाचे? साध्या मजकुरातलं अवतरण आणि इशारा

गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी एक सूचना येते. सचिवांनी महापालिकेच्या पत्रातल्या दोन ओळी दिल्या आहेत आणि खाली संस्थेच्या वतीने दोन वाक्यं जोडली आहेत. त्यांच्या फोनवर सगळं स्पष्ट दिसतं. पत्रातल्या ओळींच्या डावीकडे उभी रेघ आहे आणि संस्थेची वाक्यं त्या रेघेच्या बाहेर आहेत. दुपारी कुणी ती सूचना उचलून गावी गेलेल्या शेजाऱ्यांना एसएमएसने पाठवतं, कुणी छापून जिन्याजवळच्या फलकावर लावतं, कुणी डोळ्यांनी अधू झालेल्या आईला फोनवर वाचून दाखवतं. संध्याकाळी खाली कट्ट्यावर प्रश्न सुरू होतात. टाकी महापालिका धुणार आहे का? पाणी पिऊ नका हे महापालिकेने सांगितलंय की सचिवांनी? की फक्त कमी दाबाने येणार आहे?

सूचनेतला एक शब्दही बदललेला नसतो. बदललेली असते ती फक्त तिची मांडणी. समजा, सचिवांनी टाइप केलेला मजकूर असा होता:

```
महापालिकेचे पत्र:
> गुरुवार, 12 जून रोजी सकाळी 8 ते शुक्रवार, 13 जून रोजी सकाळी 8 या वेळेत जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहील.
> त्यानंतर पाणी कमी दाबाने येईल.
सोसायटीची टाकी याच काळात धुतली जाईल. शुक्रवारी दुपारपर्यंत टाकीचे पाणी पिण्यासाठी वापरू नका.
```

यात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. एक आहे अवतरण, म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देणं. दुसरा आहे इशारा. दोन्ही कामं सचिवांनी मांडणीवर सोपवली आणि मांडणी वाटेत हरवली. ती का हरवते हे आधी पाहू आणि मग हीच सूचना अशी लिहून पाहू की कुठेही गेली तरी तिचा अर्थ ढळणार नाही.

## रेघ जाते कुठे?

ओळीच्या सुरुवातीला `>` हे चिन्ह टाकून दुसऱ्याचा मजकूर दाखवायची पद्धत ईमेलच्या जुन्या काळातली आहे. तेव्हा पत्रात फक्त अक्षरं जात. ठळक टाइप नाही, रंग नाही, चौकट नाही. उत्तर देणारा समोरच्याच्या प्रत्येक ओळीआधी हे चिन्ह टाकायचा आणि खाली स्वतःचं म्हणणं लिहायचा. 2004 मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन ही साधी लेखनपद्धती तयार केली, तेव्हा त्यांनी हीच सवय उचलली. मार्कडाउन समजणारा प्रोग्रॅम हे चिन्ह दिसलं की ते लपवतो आणि त्या जागी रेघ किंवा आत सरकवलेला परिच्छेद दाखवतो. व्हॉट्सॲपवर ही सोय 2024 मध्ये आली.

म्हणजे रेघ मजकुरात नसतेच. मजकुरात असतं एक चिन्ह. त्या चिन्हाचं काय करायचं हे मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम ठरवतो. एसएमएसचं ॲप त्याचं काहीच करत नाही. तिथे ते गणितातलं 'पेक्षा मोठं' चिन्ह म्हणून उघडं दिसतं आणि बऱ्याच वाचकांना त्याचा अर्थ लागत नाही.

चिन्ह ओळखणारे प्रोग्रॅमही एकाच नियमाने चालत नाहीत, आणि गोंधळ खरा इथे होतो. व्हॉट्सॲपवर प्रत्येक नव्या ओळीला चिन्ह द्यावं लागतं. दुसऱ्या ओळीला ते द्यायचं राहिलं, तर ती ओळ अवतरणातून बाहेर पडते आणि महापालिकेचं वाक्य सचिवांचं होऊन बसतं. मार्कडाउनमध्ये नेमकं उलटं घडतं. अवतरणाखाली मोकळी ओळ न सोडता साधी ओळ लिहिली, तर तो प्रोग्रॅम तिलाही अवतरणात ओढून घेतो. वरच्या सूचनेत "सोसायटीची टाकी" या शब्दांपूर्वी मोकळी ओळ नाही. त्यामुळे मार्कडाउनमध्ये ती सूचना उघडली, तर टाकी धुण्याचं वाक्य महापालिकेच्या पत्रात जाऊन बसेल. एकच चिन्ह एका ठिकाणी पत्रातला भाग कापतं आणि दुसऱ्या ठिकाणी पत्रात भर घालतं.

ईमेलमध्ये आणखी एक जुनं दुखणं आहे. साध्या मजकुराच्या ईमेलची ओळ 78 अक्षरांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. लांब ओळ वाटेत तोडली गेली, तर पहिल्या तुकड्यापुढे चिन्ह राहतं आणि उरलेला तुकडा चिन्हाविना पुढच्या ओळीवर येतो. दोन-तीन वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालं की कोणती ओळ कुणाची हे लिहिणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

## मोकळी जागासुद्धा टिकत नाही

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे चिन्ह सोडून मोकळ्या जागेचा आधार घेणं. छापील पुस्तकात लांब अवतरण दोन्ही बाजूंनी थोडं आत घेतात, तसं ओळीआधी चार-पाच वेळा स्पेसबार दाबून करता येईल असं वाटतं. पण सुरुवातीच्या जागा सर्वात आधी नाहीशा होतात. वेबपानं ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिचा मूळ नियमच असा आहे की लागोपाठच्या कितीही मोकळ्या जागा एकच समजायच्या आणि ओळ मोडल्याची खूणही तशीच एक जागा मानायची. मार्कडाउनमध्ये तर रिकाम्या ओळीनंतर चार जागांनी सुरू झालेली ओळ संगणकाचा कोड समजली जाते. ती वेगळ्या टाइपात दिसते, आणि फोनवर पुष्कळदा लांब ओळ पडद्याबाहेर जाते. मग बोटाने सरकवत राहिल्याशिवाय ती पूर्ण वाचता येत नाही.

मोकळी ओळ त्या मानाने बरीच टिकते. एंटर दोनदा दाबून सोडलेली पूर्ण रिकामी ओळ व्हॉट्सॲप, ईमेल आणि मार्कडाउन तिन्ही पाळतात. एकदाच दाबलेला एंटर मात्र मार्कडाउनमध्ये विरून जातो आणि दोन ओळी एकमेकींना चिकटतात. म्हणून साध्या मजकुरात अवतरणाच्या आधी आणि नंतर एकेक रिकामी ओळ सोडावीच. ओळींच्या सुरुवातीला जागा सोडण्यात वेळ घालवू नये.

पण रिकामी ओळही शेवटचा आधार ठरत नाही. एखाद्या अर्जातल्या एका ओळीच्या चौकोनात मजकूर चिकटवला की सगळं सलग होतं. फोनच्या सूचनापट्टीत तेच होतं. मोठ्याने वाचताना तर ओळी नसतातच. त्यामुळे शेवटी भिस्त ठेवायची ती शब्दांवर. मांडणी पूर्ण पुसली गेली तरी कुणाचं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे शब्दांनीच सांगितलं पाहिजे.

## मोडी पत्रांनी हे कसं साधलं?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा नसे, अवतरणचिन्हं नसत, प्रश्नचिन्ह नसे. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचा सगळा राज्यकारभार चिन्हांशिवाय चालला होता. त्यात हुकूम होते, तक्रारी होत्या, जमाखर्च होता. आणि कोण काय म्हणालं याची नोंद तर पदोपदी होती.

पेशवेकालीन पत्रांत याची एक पक्की रीत दिसते. उत्तर देणारा आधी समोरच्याच्या पत्रातला मजकूर परत मांडतो आणि तो संपला की "म्हणोन लिहिलें" असं म्हणतो. मग "ऐशियास" या शब्दाने स्वतःचं उत्तर सुरू करतो. "म्हणोन" आला की वाचणाऱ्याला कळतं, समोरच्याचं बोलणं इथे संपलं. "ऐशियास" आला की कळतं, आता उत्तर सुरू झालं. पूर्ण पत्रालाही असंच कुलूप असे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी "मर्यादेयं विराजते" ही मुद्रा उमटवत, म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली. त्यानंतर कुणी ओळ घुसडली तर ती हद्दीबाहेरची आहे हे उघड दिसे.

या रीतीत आजही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. तिचा सगळा जोर अवतरणाच्या शेवटावर आहे. आपण आज सुरुवात नीट सांगतो. "महापालिकेचे पत्र:" असं सचिवांनीही लिहिलंच होतं. शेवट मात्र कुणीच सांगत नाही, कारण रेघ संपली की अवतरण संपलं असं आपण गृहीत धरतो. शेताला एका बाजूचाच बांध असावा तशी ही स्थिती आहे. शेत कुठून सुरू होतं ते कळतं, पण पलीकडे कुठपर्यंत आपलं आणि कुठून शेजाऱ्याचं यावरून भांडण होतं.

मराठी वाक्यरचना या कामी फार सोयीची आहे. "सचिव म्हणाले की" असं आपण आधी म्हणू शकतो आणि "असं सचिव म्हणाले" असं शेवटीही म्हणू शकतो. एका वाक्याच्या अवतरणाला शेवटचं "असे पत्रात म्हटले आहे" एवढं पुरतं. तिथे वेगळी खूण लागतच नाही. अवतरण दोन-तीन वाक्यांचं झालं की मात्र हे "असे" फार दूर पडतं. ते येईपर्यंत आपण दुसऱ्याचे शब्द वाचतोय हे वाचक विसरलेला असतो.

## अवतरणाला दोन्ही बाजूंनी कसं बांधावं?

मोठ्या अवतरणासाठी मी तीन गोष्टी आग्रहाने सांगेन. पहिली म्हणजे सुरुवातीलाच स्रोत, तारीख आणि वाक्यांची संख्या लिहावी. "महापालिकेचे पत्र" एवढं लिहून भागत नाही, कारण तीच सूचना पुढच्या महिन्यात पुन्हा फिरू लागते. "9 जूनच्या पत्रातील दोन वाक्ये अशी" असं लिहिलं की वाचकाच्या हातात मोजमाप येतं. तिसरं वाक्य पत्रातलं नाही हे त्याला मांडणी न पाहताही मोजून कळतं. वाटेत एखादं वाक्य गळलं असेल तर तेही लक्षात येतं. धनादेशावर आकड्यांसोबत अक्षरी रक्कम लिहितात, ती याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवट शब्दांत सांगावा. "पत्रातील मजकूर येथे संपला" हे वाक्य डोळ्यांना कोरडं वाटेल, पण फोनवर ऐकणाऱ्याला तेवढाच आधार असतो. अवतरणचिन्हं जरूर द्यावीत, पण ती ऐकू येत नाहीत. अंध वाचकांसाठी मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्रॅमही चिन्हं कधी उच्चारतात आणि कधी गाळतात, ते त्या-त्या व्यक्तीने निवडलेल्या सेटिंगवर ठरतं. मुत्सद्द्यांच्या तारांमध्ये अवतरणाच्या आधी 'कोट' आणि नंतर 'अनकोट' हे शब्द अक्षरांत लिहीत, ते चिन्हांवर विसंबता येत नसे म्हणूनच.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि ती सर्वात जास्त विसरली जाते. अवतरणानंतरचं पहिलं वाक्य बोलणाऱ्याचं नाव घेऊन सुरू व्हावं. सचिवांनी लिहिलं होतं, "सोसायटीची टाकी याच काळात धुतली जाईल." या वाक्यात धुणारा कोण हे नाही. "धुतली जाईल" या रचनेत कर्ता लपतो. एरवी ते चालतं, पण पत्रातल्या ओळींना लागून हे वाक्य आलं की वाचक जवळचा कर्ता धरतो, आणि तो इथे महापालिका आहे. "सोसायटीचे कर्मचारी टाकी धुतील" असं लिहिलं असतं तर रेघ हरवूनही गोंधळ झाला नसता.

याच्या जोडीला एक पथ्य आहे. पत्रातले शब्द बदलले असतील किंवा मधला भाग गाळला असेल, तर त्याला अवतरण म्हणू नये. "पत्राचा आशय असा" म्हणावं आणि स्वतःच्या शब्दांत सांगावं. अवतरणाच्या मध्येच कंसात स्वतःची टीप घालायची सवयही टाळावी. साध्या मजकुरात तो कंस पत्रातला की लिहिणाऱ्याचा हे ओळखायला काहीच साधन उरत नाही.

## इशाऱ्यात 'नका' शेवटी येतो

अवतरणात चूक झाली तर श्रेय किंवा दोष भलत्याला जातो. इशाऱ्यात चूक झाली तर कुणी पाणी पिऊन आजारी पडतं. मराठीत इशारा लिहिताना एक धोका वाक्यरचनेतूनच येतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं आणि नकार त्याच्याही नंतर येतो. "शुक्रवारी दुपारपर्यंत टाकीचे पाणी पिण्यासाठी वापरू नका" हे वाक्य अखेरचा शब्द वाचेपर्यंत इशाराच नसतं. ते "वापरू" या शब्दाशी तुटलं, तर उरतं "टाकीचे पाणी पिण्यासाठी वापरू". आपल्या भाषेत याचा अर्थ 'चला, वापरूया' असा होतो. वाक्य अर्धवट दिसलं असतं तर वाचक निदान थबकला असता. इथे ते पूर्ण वाटतं आणि उलटा सल्ला देतं.

वाक्य असं तुटायला मोठा अपघात लागत नाही. फोनची सूचनापट्टी पहिली ओळ-दीड ओळ दाखवते आणि पुढे टिंबं देते. घाईत असलेली माणसं तेवढंच वाचतात. एसएमएसची मर्यादा तर मोजूनच सांगता येते. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मजकूर मावतो. इंग्रजी अक्षराला 7 बिट पुरतात, म्हणून तिथे 160 अक्षरं बसतात. देवनागरीसाठी नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक खुणेला 16 बिट लागतात, म्हणून 70 खुणाच बसतात. खूण म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. मूळ अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "पाणी" हा शब्द दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात चार खुणा आहेत. मजकूर 70 खुणांहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात. तुकडे पुन्हा जोडण्यासाठीची माहितीही त्यातच घालावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 खुणाच उरतात.

सचिवांची शेवटची दोन वाक्यं मोकळ्या जागांसकट मोजली तर 92 खुणा भरतात. म्हणजे ती एका एसएमएसमध्ये मावतच नाहीत. पहिला तुकडा "टाकीचे" या शब्दानंतर लगेच तुटतो आणि "नका" दुसऱ्या तुकड्यात जातो. एरवी फोन हे तुकडे जोडून दाखवतो. पण दुसरा तुकडा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर टाकी धुतली जाणार आहे एवढंच कळतं आणि मनाई हरवते.

उपाय सोपा आहे. मनाई आधी सांगावी:

```
इशारा. पिऊ नका: टाकीचे पाणी, शुक्रवार दुपारी 2 पर्यंत.
```

यात 54 खुणा आहेत, म्हणून एका एसएमएसमध्ये हे सहज बसतं. तोडायचं झालं तर "नका" नंतर कुठेही तोडून पाहा. "पिऊ नका" पर्यंत तोडलं तर काय पिऊ नये ते कळत नाही, पण वाचक सावध होतो. "पाणी" पर्यंत तोडलं तर वेळ कळत नाही, म्हणून तो जास्तच काळजी घेतो. तुटलेला इशारा सुरक्षित बाजूला पडला पाहिजे. बोलताना आपण असं बोलत नाही, वाक्य थोडं उलटं वाटतं. इशाऱ्यापुरता तो वेगळेपणा मला उपयोगीच वाटतो, कारण त्यामुळे नजर अडते. "दुपारपर्यंत" च्या जागी "दुपारी 2 पर्यंत" आलं हेही पाहा. दुपार कुणाची बाराला संपते, कुणाची चारला.

## मोठी अक्षरं नसलेल्या लिपीत

इंग्रजीत साध्या मजकुरातही जोर द्यायला एक साधन आहे, ते म्हणजे कॅपिटल अक्षरं. इंटरनेटचे तांत्रिक नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिले जातात आणि ते अनेक दशकं निव्वळ साध्या मजकुरातच असत. 1997 मधल्या 2119 क्रमांकाच्या दस्तऐवजाने `MUST`, `MUST NOT`, `SHOULD` अशा शब्दांचे अर्थ बांधून दिले. ते शब्द कॅपिटलमध्ये लिहिले की वाचणाऱ्याला कळतं, ही सक्ती आहे आणि तो फक्त सल्ला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. त्यामुळे लोक उद्गारचिन्हांची रांग लावतात, शब्दाभोवती तारका टाकतात, लाल त्रिकोणाचं चित्र घालतात. तारका व्हॉट्सॲपवर ठळक टाइप देतात, पण एसएमएसमध्ये नुसत्या तारका राहतात. चित्र जुन्या फोनवर रिकामा चौकोन होऊन येतं.

आपल्यासाठी शब्दच खूण झाला पाहिजे, आणि त्यासाठी तो शब्द ठरलेला असला पाहिजे. यंत्रांवरच्या धोक्याच्या पट्ट्यांसाठी अमेरिकेत एएनएसआय झेड 535 हे मानक आहे. त्यात चार शब्दांची चढती पायरी बांधली आहे. सर्वात वरचा शब्द मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच अशा ठिकाणी, त्याखालचा ती होऊ शकते तिथे, तिसरा किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी आणि चौथा इजेशी संबंध नसलेल्या सूचनेसाठी. मराठीत सावधान, खबरदारी, इशारा, धोका, महत्त्वाचे हे सगळे शब्द एकाच तीव्रतेने वापरले जातात. मग लिफ्ट दहा मिनिटं बंद राहणार असली तरी वर "महत्त्वाचा इशारा" लिहिलेलं असतं आणि खरा इशारा येतो तेव्हा त्याकडे कुणी पाहत नाही.

संस्थेपुरते तीन शब्द ठरवले तरी पुरेत. जिवावर बेतेल तिथे "धोका", आजार किंवा इजा होऊ शकेल तिथे "इशारा", बाकी सगळीकडे "सूचना". हवामान खात्याने पावसाच्या इशाऱ्यांना पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग दिले आहेत. पण ते रेडिओवरही समजतात, कारण रंगाचं नाव शब्दात उच्चारलं जातं. 'रेड अलर्ट' ऐकणाऱ्याला लाल रंग पाहावा लागत नाही.

चौकट: पाठवण्याआधीच्या तीन तपासण्या

सगळा मजकूर सलग एका ओळीत करा आणि वाचा. प्रत्येक वाक्य कुणाचं हे तरीही कळलं पाहिजे. मग मजकुराचा फक्त पहिला भाग, सूचनापट्टीत दिसेल तेवढा, बाकीचा झाकून वेगळा वाचा. त्यात उलटा अर्थ निघता कामा नये. शेवटी घरातल्या कुणाला तरी तो न दाखवता वाचून दाखवा आणि विचारा, महापालिकेने काय सांगितलं आणि आपण काय सांगितलं?

## तीच सूचना, नव्याने

आता सचिवांची सूचना पुन्हा लिहू. इशारा सर्वात वर जाईल, कारण वाचक कुठे थांबेल हे आपल्या हातात नाही. नंतर त्याचं कारण, कर्त्यासकट. अवतरण सर्वात शेवटी, दोन्ही बाजूंनी शब्दांनी बांधलेलं. पत्रातल्या शब्दांना हात लावायचा नाही.

```
इशारा. पिऊ नका: टाकीचे पाणी, शुक्रवार दुपारी 2 पर्यंत.

कारण: सोसायटीचे कर्मचारी गुरुवार, 12 जून रोजी टाकी ब्लीचिंग पावडरने धुतील. ही सूचना सोसायटीची आहे.

महापालिकेच्या 9 जूनच्या पत्रातील दोन वाक्ये अशी:

"गुरुवार, 12 जून रोजी सकाळी 8 ते शुक्रवार, 13 जून रोजी सकाळी 8 या वेळेत जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद राहील. त्यानंतर पाणी कमी दाबाने येईल."

महापालिकेच्या पत्रातील मजकूर येथे संपला.
```

याला चौकटीतल्या तपासण्या लावून पाहू. सगळ्या रिकाम्या ओळी काढून मजकूर सलग केला, तरी "दोन वाक्ये अशी" आणि "येथे संपला" यांच्यामधलं सगळं महापालिकेचं हे निश्चित राहतं. अवतरणचिन्हं गळली तरी फरक पडत नाही. पहिल्या चाळीस खुणांत इशारा, मनाई आणि टाकीचं पाणी हे तिन्ही येऊन जातं. वाचून दाखवताना "ही सूचना सोसायटीची आहे" हे वाक्य ऐकणाऱ्याला थेट उत्तर देतं. ज्याला व्हॉट्सॲपवर रेघ हवी असेल, त्याने अवतरणाच्या ओळीला ती जरूर द्यावी. ती आता सजावट आहे, आधार नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहे. अवतरण पान-दोन पानांचं असेल, तर आरंभ आणि शेवटाची वाक्यं एकमेकांपासून फार लांब जातात आणि मधून कुणी एखादाच परिच्छेद उचलला तर त्याची ओळख पुसली जाते. तिथे प्रत्येक परिच्छेद "पत्रात पुढे:" असा सुरू करावा लागतो. कायद्याचं कलम, न्यायालयाचा आदेश किंवा औषधाची मात्रा असेल, तर टाइप केलेल्या अवतरणावर थांबू नये. मूळ कागदाचं छायाचित्र सोबत जोडावं आणि मूळ कागद कुठे पाहता येईल ते लिहावं, कारण तिथे एक काना सुटला तरी अर्थ बदलू शकतो. फक्त छायाचित्र पाठवणंही पुरत नाही. ते वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ऐकवता येत नाही आणि एसएमएसने जात नाही.

पुढच्या वेळी कुणाचं पत्र गटावर टाकाल तेव्हा ते कुठे संपतं हे एका वाक्यात लिहा, त्याखालच्या ओळीवर आपलं नाव घाला, आणि कुणाला काही करू नका असं सांगायचं असेल तर "नका" पहिल्या ओळीत आणा.